१९ महिन्यांची मुलगी, ताप आणि उलट्या: आत्ताच न्यावं की सकाळपर्यंत थांबावं?

भांडुपची_आई, रात्री १:१२
कुणी जागं असेल तर कृपया उत्तर द्या. लेक १९ महिन्यांची आहे, गेल्या महिन्यात लसीला नेलं तेव्हा वजन १० किलो २०० ग्रॅम भरलं होतं. संध्याकाळी सातला अंग गरम लागलं. साडेनऊला ताप १०२.४ होता म्हणून पॅरासिटामॉल दिलं, ते दहा मिनिटांत उलटून पडलं. तेव्हापासून पाच उलट्या झाल्या. पहिल्या दोन दुधाच्या, मग नुसतं पाणी, शेवटची पिवळसर. सव्वाबाराला एकदा पातळ शी झाली. तिला तहान खूप लागली आहे, सिपर हातात दिला की घटाघटा पिते आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. आत्ता माझ्या खांद्यावर किरकिरत आहे. नवरा नाइट शिफ्टला आहे, घरी मी आणि सासूबाई. बाहेर धो धो पाऊस. आमच्या डॉक्टरांचा फोन बंद आहे. न्यावं का आत्ता? आणि कुठे?

निशिगंध, रात्री १:१९
दात येत असतील गं. माझ्या मुलालाही दाढा येताना अस्सा ताप आणि उलट्या झाल्या होत्या. हिरड्यांना मध लाव आणि झोपव, सकाळी एकदम ठीक होईल.

अमोल_कुर्ला, रात्री १:२४
ताई, दातांवर ढकलू नका. पावसाळा आहे, डेंग्यू असू शकतो. गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या मुलाचं असंच झालं. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही खूश होतो आणि त्याच दुपारी त्याचे हातपाय गार पडले, उलट्या थांबेनात. तीन दिवस आयसीयूत होता. तुम्ही रात्रीच रक्त तपासून घ्या, प्लेटलेट बघा.

वॉर्ड_सिस्टर, रात्री १:२८
भांडुपची आई, मी महापालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढली आहेत, आता निवृत्त. मी डॉक्टर नाही. आधी मला काही गोष्टी सांगा. उलटीचा रंग हळदीसारखा पिवळा आहे की पालकाच्या रसासारखा हिरवा? उलटीत किंवा शीत रक्त दिसलं का? पोट फुगलंय का, की मधूनमधून पाय पोटाशी घेऊन कळवळून रडते आणि मग एकदम गप्प होते? मान पुढे वाकवायला त्रास, अंगावर लालजांभळे ठिपके? यातलं काहीही असेल तर पुढचं वाचू नका, निघा.

नसेल तर सांगा, शेवटची शू कधी झाली? आणि रडताना डोळ्यांत पाणी येतंय का?

भांडुपची_आई, रात्री १:३५
सिस्टर, खूप आभार. हिरवी नाही, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. रक्त नाही. पोट मऊ आहे. पाय ओढत नाही. मी तिला माझी चप्पल दाखवली तर मान वाकवून खाली बघितलं. ठिपके नाहीत. रडताना डोळे ओले होतात, पण गालावर ओघळ येत नाही. शू मात्र मला सांगताच येत नाही. नऊला डायपर बदलला तो ओला होता. सव्वाबाराच्या डायपरमध्ये शी होती, त्यात शू होती का काय माहीत. आत्ताचा कोरडा लागतोय.

वॉर्ड_सिस्टर, रात्री १:४३
बरं. म्हणजे या क्षणी पळत सुटायची वेळ नाही, पण ती काठावर आहे. तहानेने घटाघटा पिणं आणि किरकिरणं म्हणजे अंगातलं पाणी कमी व्हायला लागल्याची खूण. अजून ती मागून पितेय, ही चांगली गोष्ट.

आधी डायपर काढा. हल्लीच्या जेलच्या डायपरला थोडी शू कळतच नाही, बोट लावलं तर कोरडाच लागतो. त्याऐवजी सुती लंगोट बांधा, खाली दुपटं घाला. थोडीशी शू झाली तरी दिसेल. आजच्या रात्री तुमचं घड्याळ म्हणजे तो लंगोट.

आता पाजण्याबद्दल. सिपर तिच्या नजरेआड ठेवा. पोट चिडलेलं असताना एकदम शंभर मिली गेलं की ते ताणतं आणि उलटतं. दहा मिनिटं काही देऊ नका. मग चमचा. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मापाचं टोपण किंवा सिरिंज असेल तर उत्तम. पाच मिली, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा पाच मिली. ती अजून मागेल, रडेल, तरी दोन मिनिटं धरायची. हे फार थोडं वाटतं, पण हिशोब करा: तासाला दीडशे मिली होतं. एक अख्खा पेला. तोच पेला एकदम दिला तर बाहेर येतो, असा दिला तर पोटात राहतो. मध्येच उलटी झाली तर परत दहा मिनिटं थांबून तीन-तीन मिनिटांनी द्या.

घरी ओआरएस आहे का? तुम्ही अंगावर पाजता का अजून?

भांडुपची_आई, रात्री १:४९
अंगावर रात्री पिते अजून. सासूबाई म्हणतात दूध आत्ता फाटेल, देऊ नको. ओआरएस म्हणून फ्रिजमध्ये सफरचंदाच्या चवीचा टेट्रापॅक आहे. आणि औषधांच्या डब्यात एक पुडी सापडली, मोठी. सासूबाई त्यातली अर्धी एका पेल्यात ढवळत आहेत.

वॉर्ड_सिस्टर, रात्री १:५२
आजींना थांबवा! पुडीवर किती पाण्यात घालायची ते लिहिलंय, वाचा. मोठी, साधारण २१ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते. छोटी ४ ग्रॅमच्या आसपासची दोनशे मिलीसाठी. मोठीतली अर्धी एका पेल्यात घातली तर ते दुप्पट-अडीचपट तीव्र होईल, मीठ जास्त होईल आणि मूल आणखी कोरडं पडेल. अंदाजाने अर्धी-पाव करायचीच नाही. प्यायच्या पाण्याची एक लिटरची सीलबंद बाटली असेल तर तेच माप, अख्खी पुडी त्यात. लिटरभर उरेल याची हळहळ करू नका, २४ तासांनी ओतून द्यायचं.

टेट्रापॅक नको. त्यात साखर फार आणि मीठ कमी. ती साखर आतड्यात पाणी खेचून घेते, जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी घातली ती यासाठीच, पण लोकांच्या घरातले जुने खोके कुठे जातात?

अंगावर जरूर पाजा. एकदम वीस मिनिटं नको, दोन-तीन मिनिटं आणि सोडवा. आईचं दूध पोटात फाटतंच, ते पचनच आहे. आजींना माझा नमस्कार सांगा.

सुमनकाकू, रात्री १:५८
अगं, एवढं घाबरायचं काय? आम्ही चार मुलं वाढवली. लिंबू, साखर, मीठ घालून पाणी दे चमच्या-चमच्याने. आणि जायफळाचे दोन-तीन वेढे उगाळून चाटव, उलटी-जुलाब दोन्ही बसतील आणि पोर शांत झोपेल. पोटाला आराम मिळू दे, रात्रभर काही घालू नको. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक.

वॉर्ड_सिस्टर, रात्री २:०४
काकू, चमच्याचं तुमचं बरोबर. पुडी नसेल तर मीठ-साखरेचं पाणीही चालतं, फक्त माप हवं: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. चिमटीने घातलेलं मीठ प्रत्येकाच्या हाताचं वेगळं.

पण जायफळ आज नको, आणि हे मी हात जोडून सांगते. जायफळाने गुंगी येते. आज रात्रभर आपल्याला एकच गोष्ट पाहायची आहे, मूल झोपलंय की मलूल पडलंय. जायफळ चाटवलं की ते ओळखायचा मार्गच बंद. वॉर्डात अशी मुलं यायची, आई म्हणायची आत्ता शांत झोपलाय, आणि त्याची नाडी लागत नसायची. सर्दीची किंवा उलटीची जुनी गुंगीची बाटलीही त्याच कारणासाठी नको.

आणि रात्रभर काहीच न देणं हे दहा किलोच्या मुलाला झेपत नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, एवढ्या मुलाचा तो पहाटेपर्यंत संपतो.

दृष्ट काढायची तर काढा, तिला धूर लागू देऊ नका.

न्यूजर्सीची_वहिनी, रात्री २:०७
इकडे आम्ही नर्स लाइनला फोन करतो आणि पेडियालाइट, म्हणजे तयार ओआरएससारखं पेय, देतो. तिकडे मिळत असेल तर ऑनलाइन मागव. आणि ताप १०४ च्या पुढे गेला नाही तर इआरला जायची गरज नसते.

वॉर्ड_सिस्टर, रात्री २:११
वहिनी, तापाचा आकडा इथे फारसा उपयोगाचा नाही. १०४ ताप असून खेळणारं मूल मी बघितलंय आणि १०० ताप असलेलं गेलेलंही.

भांडुपची आई, तापाच्या औषधाचं राहिलं. बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचून सांगा, मगच द्या. किती देणार होतात?

भांडुपची_आई, रात्री २:१९
डॉक्टरांनी मागे सहा मिली लिहून दिलं होतं, तेच देणार होते. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलंय. पण डॉक्टरांच्या कागदावर १२० आहे!! केमिस्टने या वेळी दुसरी बाटली दिली, मी बघितलंच नाही. साडेनऊलाही सहाच मिली दिलं होतं, ते उलटलं.

चमच्याने आतापर्यंत नऊ वेळा दिलं, एकदाही उलटी नाही.

वॉर्ड_सिस्टर, रात्री २:२५
ही चूक खूप घरांत होते, स्वतःला बोल लावू नका. किलोला १५ मिलिग्रॅम धरा. तिच्या वजनाला दीडशे मिलिग्रॅम होतात, म्हणजे या बाटलीतलं तीन मिली. सहा मिली म्हणजे दुप्पट झालं असतं. आणि थेंबांची छोटी बाटली असते ना, ती याहून तीव्र, एका मिलीतच १००. म्हणून मिली पाठ करायचे नाहीत, मिलिग्रॅम पाठ करायचे.

साडेनऊचा डोस थोडाफार पोटात राहिला असेल असं धरलं तरी आता जवळजवळ पाच तास झालेत. तीन मिली द्या, एकदम नको, दोन-तीन घोटांत. दिल्यावर पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटलं तर एकदा परत देता येतं, अर्ध्या तासानंतर उलटलं तर नाही. २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. मेफेनामिक किंवा आयबुप्रोफेन घरात असलं तरी देऊ नका. पाणी कमी असताना ती किडनीला जड जातात, आणि अमोल म्हणतात तसा डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती.

अमोल, तुमची भीती खरी आहे. तुमच्या मुलाचं झालं तो धोक्याचा काळ ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या दिवसापासून पुढे. आज हिचा पहिलाच दिवस. आत्ता प्लेटलेट बघितल्या तर बहुतेक चांगल्याच निघतील आणि खोटा धीर येईल.

अमोल_कुर्ला, रात्री २:३१
पण डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या दिवसापासून पॉझिटिव्ह येते ना? आम्हाला तर सगळ्यांनी उशीर झाला असंच सांगितलं.

वॉर्ड_सिस्टर, रात्री २:३४
येते, आणि कधी पहिल्या दिवशी निगेटिव्ह येऊन नंतर पॉझिटिव्हही होते. ते डॉक्टरांना ठरवू द्या. आज रात्री हिला सुईपेक्षा चमचा जास्त लागतोय.

भांडुपची_आई, रात्री २:५८
औषध राहिलं. मग २:४५ ला एक उलटी झाली, साधारण दोन चमचे असेल. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलंय. एकूण ओआरएस शंभर मिलीच्या आसपास गेलं, शिवाय अंगावर दोनदा. लंगोट कोरडाच.

वॉर्ड_सिस्टर, रात्री ३:०३
एक उलटी म्हणजे हार नाही. किती बाहेर आलं त्यापेक्षा किती आत राहिलं ते मोजा. वहीत वेळ लिहीत जा, पहाटेपर्यंत काही आठवत नाही.

आणि आत्ताच, औषध लागू व्हायच्या आधी, दोन गोष्टी करून बघा म्हणजे नंतर तुलना करता येईल. बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत उभी धरून सोडा. लगेच सपाट होते की हळूहळू? आणि छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा, पांढरा डाग किती वेळात लाल होतो? हातापायांवर बघू नका, ताप चढताना ते तसेही गार असतात. ओठही बघू नका, तापात तोंडाने श्वास घेतला की ओठ सुकतातच. गालाच्या आत बोट फिरवा.

भांडुपची_आई, रात्री ३:१०
कातडी लगेच बसते. डाग दोन मोजेपर्यंत जातो. गालाच्या आत चिकट लागतंय. ताप १०१.१.

वॉर्ड_सिस्टर, रात्री ३:१३
ठीक. चालू ठेवा. मी जागी आहे. आता ऐका, पुढच्या तासाभरात ताप उतरेल, तेव्हा खरी परीक्षा. तापात मूल मलूल दिसतंच. ताप उतरल्यावरही मलूल राहिलं तर ते तापामुळे नाही.

दरम्यान आजींना दोन फोन करायला सांगा. जवळच्या हॉस्पिटलात विचारा, रात्री मुलांचे डॉक्टर आत हजर आहेत का आणि एवढ्या लहान मुलाला सलाईन लावू शकेल असं कुणी आहे का. "चोवीस तास सेवा" असं पाटीवर असतं, पण आत एकटे आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे साधे डॉक्टर, असतात आणि ते तुम्हाला पुढे पाठवतात, त्यात तास जातो. कुठेच नाही म्हणाले तर महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत, तुमच्या बाजूने सायन. तिथे मुलांचे डॉक्टर रात्रभर असतात. परळचं वाडिया तर मुलांचंच. आत्ता जायचं नसलं तरी कुठे जायचं हे आत्ता ठरवा.

भांडुपची_आई, रात्री ३:३४
गल्लीतल्या नर्सिंग होमने सकाळी दहाला आणा म्हटलं. मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलने मुलांचे डॉक्टर आहेत म्हणून सांगितलं. नवरा निघालाय, पण लोकल चारनंतरच, तो रिक्षा शोधतोय.

ती झोपली. चमचा द्यायला उठवू का? बिचारी आत्ताच डोळा लागलाय.

सुमनकाकू, रात्री ३:३८
झोपलेल्या लेकराला उठवू नये. झोपेतच बरं होतं मूल.

वॉर्ड_सिस्टर, रात्री ३:४१
आज उठवा. रात्री साडेतीनला कुठलंही मूल झोपणारच, म्हणून नुसतं बघून कळत नाही. उचला, बसतं करा, नाव घेऊन हाक मारा, ओल्या फडक्याने तोंड पुसा. झोपलेलं मूल चिडतं. हात झटकतं, तुमच्याकडे बघतं, रागाने रडतं, तुमच्या अंगाला बिलगतं. अशी रडली तर मला आनंद आहे, दोन चमचे द्या आणि झोपू द्या. मलूल मूल डोळे किलकिले करतं, कण्हतं आणि मान टाकतं. चमचा ओठाला लावला तर गिळत नाही, कडेने ओघळतं. तसं असेल तर मला उत्तर लिहायला थांबू नका. निघा.

भांडुपची_आई, पहाटे ३:५२
ताप ९९.८. उठवलं. डोळे उघडले पण माझ्याकडे बघत नाही. रडली नाही. तिचा आवडता कापडी ससा दाखवला, हातच पुढे केला नाही. चमचा ओघळला. हातपाय गार. लंगोट कोरडा, नऊपासून. निघतोय. सासूबाई रिक्षा थांबवायला खाली गेल्या.

वॉर्ड_सिस्टर, पहाटे ३:५४
बरोबर निर्णय. रिक्षा पाच मिनिटांत नाही मिळाली तर १०८. कुशीवर धरा, पाठीवर आडवी नको. आता तोंडात काही घालू नका, अर्धवट शुद्धीत ठसका लागेल. बाटली आणि वही बरोबर घ्या. दारात पोचल्यावर "ताप-उलट्या" एवढंच म्हणू नका, रांगेत बसवतील. म्हणा: मूल नीट जागं होत नाही, सात तास शू नाही, चमचाही घेत नाही. आणि बोटाची साखर आधी बघा म्हणून सांगा.

अमोल_कुर्ला, पहाटे ५:२०
काही कळलं का?

निशिगंध, सकाळी ७:४५
आत्ता वाचलं सगळं. मी दातांचं उगाच लिहिलं, माफ कर. मधही नको म्हणायला हवं होतं ना?

वॉर्ड_सिस्टर, सकाळी ७:५८
मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, हिला चालला असता. पण दातांनी एवढा ताप आणि सहा उलट्या होत नाहीत.

भांडुपची_आई, सकाळी ९:०५
आता बरी आहे. आधी तेवढं सांगते.

पावणेपाचला पोचलो, रस्त्यात पाणी होतं. मी सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, लगेच आत घेतलं. बोटाची साखर ५२ निघाली. दोनदा शीर सापडली नाही, तिसऱ्यांदा पायाला सुई लागली. साखरेचं सलाईन गेलं आणि पंधरा-वीस मिनिटांत तिने डोळे उघडून मोठ्याने "आई" म्हणून रडायला सुरुवात केली. मी तिथेच खाली बसले. मग उलटीचं औषध दिलं. ७:२० ला शू झाली, गडद पिवळी. आत्ता चमच्याने ओआरएस पितेय. आज दिवसभर ठेवणार आहेत.

डॉक्टर म्हणाले पाणी मध्यम कमी झालं होतं, गुंगी मुख्यतः साखर उतरल्याची. संध्याकाळी सहानंतर तिच्या पोटात खाणं काही राहिलंच नव्हतं.

डॉ_गोरेगाव, सकाळी १०:१५
मी बालरोगतज्ज्ञ आहे. रात्रीचा धागा पूर्ण वाचला. सिस्टरनी छान सांभाळलंय, पण दोन मतं मांडतो.

एक, साडेअकराच्या आसपास, चार उलट्या झाल्यावर, वजनाप्रमाणे ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या औषधाचा एक डोस मिळाला असता तर बहुधा ही रात्र घरीच निघाली असती. एकच डोस, मग पंधरा-वीस मिनिटांनी चमचा. मी माझ्याकडच्या नेहमीच्या पालकांना तो लिहून ठेवतो, फोनवर विचारून द्यायच्या अटीवर.

दोन, पातळ शी फक्त एकदा झाली आहे. ताप आणि उलट्या असून जुलाब नसतील तर "पोट बिघडलं" म्हणून फाइल बंद करू नये. दोन वर्षांच्या आतल्या मुलीत लघवीचा जंतुसंसर्ग असाच येतो. लघवी तपासायला सांगा. पिशवी चिकटवून घेतलेला नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, नको, त्यात बाहेरचे जंतू मिसळतात. स्वच्छ करून मधल्या धारेचा किंवा नळीने घेतलेला द्या.

वॉर्ड_सिस्टर, सकाळी १०:३२
डॉक्टर, लघवीचं मला सुचायला हवं होतं. पण उलटीचं औषध घरात ठेवण्याला माझा विरोध आहे. तुमचे पालक फोन करतील, बाकीचे तीन वेळा देतील. आतडं आत शिरलेलं असेल, मेंदूला सूज असेल, तर उलटी थांबून मूल शांत दिसेल आणि सहा तास वाया जातील. मी जायफळाला नाही म्हटलं ते याच कारणासाठी.

डॉ_गोरेगाव, सकाळी १०:४४
जायफळाशी तुलना मला मान्य नाही, याने तशी गुंगी येत नाही. पण तुमची भीती मी समजतो. दहापैकी किती पालक फोन करतात ते मलाही खात्रीने सांगता येणार नाही. माझ्या अनुभवात औषध न मिळाल्याने सलाईनपर्यंत पोचलेली मुलं जास्त दिसतात. तुम्ही वॉर्डात बसून दुसरी बाजू पाहिली.

न्यूजर्सीची_वहिनी, सकाळी १०:५०
मला एक प्रश्न आहे. सिस्टर, पावणेदोनलाच निघायला सांगितलं असतं तर? तेव्हाच साडेचार-पाच तास शू नव्हती.

वॉर्ड_सिस्टर, सकाळी ११:१०
मी सकाळपासून तोच विचार करतेय. तेव्हा ती पीत होती, रडत होती, तीननंतरही कातडी लगेच बसत होती. तशा मुलाला कॅज्युअल्टीतही आधी चमचाच देतात, तिथल्या बाकावर. म्हणून पावणेदोनचा निर्णय मी परत तोच घेईन. पण एक चुकलं. साडेसात-आठ तास पोटात अन्न नाही हे दिसत असून मी खाण्याचं विचारलं नाही. दोनच्या सुमारास, उलटी थांबलेली असताना, ओआरएसबरोबर भाताची पातळ पेज चमच्याने सुरू करायला सांगायला हवी होती. ओआरएसमध्ये साखर असते, पण ती पाणी शोषायला पुरेल एवढीच, पोट भरायला नाही.

सुमनकाकू, सकाळी ११:२५
पेज तर आमच्याकडे पहिल्यापासून देतात, मीच सांगायची विसरले आणि उलट उपाशी ठेव म्हटलं. बाळ कसं आहे आता? आजींनाही विश्रांती घ्यायला सांग.

भांडुपची_आई, दुपारी ३:४०
काकू, दोन वाट्या पेज खाल्ली तिने, मीठ घालून. सासूबाईंनी डब्यात आणली. सशाला पण भरवली.

लघवीच्या पहिल्या तपासणीत पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, वाढलेल्या आहेत. कल्चरचा रिपोर्ट परवा येणार, तोवर अँटिबायोटिक सुरू केलंय. एनएस१ निगेटिव्ह. अमोलदादा, डॉक्टरांनी तुमचंच सांगितलं, ताप उतरल्यावर दोन दिवस हातपाय गार पडतात का, पोट दुखतं का यावर लक्ष ठेवा आणि परवा रक्त परत तपासा. संध्याकाळी घरी सोडणार आहेत.

२५० ची बाटली नवऱ्याने केमिस्टकडे नेली. तो म्हणाला कागदावरची कंपनी नव्हती म्हणून दुसरी दिली. आता बाटलीवर चिकटपट्टी लावून "ईरा, ३ मिली" लिहिलंय आणि खाली वजन आणि तारीख, म्हणजे वजन वाढलं की बदलता येईल.

अमोल_कुर्ला, दुपारी ४:०२
कल्चरचं काय येतं ते इथे नक्की लिहा ताई.